अडीचची बांगडी आणि सव्वादोनचा हात

साताऱ्याच्या खणआळीत किंवा सांगलीच्या बाजारपेठेत बांगड्यांच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहिले, तर एक गोष्ट पाहायला मिळते. गिऱ्हाईक म्हणते, 'अडीचच्या दाखवा.' कासार हाताकडे पाहतो, तो आपल्या हातात घेऊन अंगठ्याच्या बुडाशी जरासा दाबतो आणि म्हणतो, 'ताई, तुम्हाला सव्वादोनच्या बसतील.' मोजपट्टी नाही, वही नाही. पुढच्या दोन मिनिटांत डझनभर हिरव्या बांगड्या मनगटात गेलेल्या असतात. त्याच बाई घरी आल्यावर त्याच बांगड्या स्वतः काढू लागल्या, की अर्धा तास खटपट करूनही एक बांगडी अंगठ्याच्या उंचवट्यापलीकडे येत नाही. आलीच तर तुकड्यांनी येते.

असे का होते? सव्वादोन, अडीच ही मापे कशाची? काच इतकी ठिसूळ असताना कासाराच्या हातून ती फुटत का नाही? आणि बांगडी काढणे अगदी निकडीचे झाले, म्हणजे हात मोडला, साप चावला, हात सुजू लागला, तर काय करावे? या प्रश्नांची उत्तरे एकाच धाग्याने जोडलेली आहेत. तो धागा वर्तुळाच्या परिघाचा आहे, आणि म्हणून आठवी-नववीच्या वर्गात तो सहज उलगडता येतो.

मापाची भाषा

बांगडीचे माप म्हणजे तिचा आतला व्यास, इंचांत. पण इंचाचे भाग दहा नव्हेत, सोळा करायचे. दुकानात 'दोन-चार' म्हणतात तेव्हा अर्थ होतो दोन इंच आणि एका इंचाचे चार सोळांश. जुन्या रुपयाचे सोळा आणे असत. दोन रुपये चार आणे म्हणजे सव्वादोन रुपये, तशीच दोन-चारची बांगडी सव्वादोनची. दोन-आठची ती अडीचची. आणे १९५७ साली दशमान नाण्यांबरोबर व्यवहारातून जायला लागले, पण बांगड्यांच्या दुकानात ते आजही नांदत आहेत.

येथे मुलांची हमखास गफलत होते, आणि हल्ली खोक्यावर किंवा घरपोच मागवायच्या यादीत '२.४', '२.१०' असे छापलेले असल्याने मोठ्यांचीही होते. टिंब पाहिले की आपण दशांश वाचतो. मग २.१० हे माप २.४ पेक्षा लहान वाटते. प्रत्यक्षात ते तीन मापांनी मोठे आहे. शिवाय २.४ इंच हे दशांशाने वाचले तर व्यास ६१ मिलिमीटर येतो, पण दोन-चारच्या बांगडीचा खरा व्यास आहे ५७ मिलिमीटर. ६० मिलिमीटरची असते ती दोन-सहाची. म्हणजे टिंब चुकीचे वाचणारा पट्टीने मोजून, हिशेब बरोबर करूनही एक माप चुकतो. फळ्यावर हे उदाहरण घातले, तर दशांश अपूर्णांक आणि सोळांश यांतला फरक मुले विसरत नाहीत.

घरातली जुनी बांगडी मोजायची असेल, तर पट्टी आतल्या बाजूने लावावी आणि थोडी वर-खाली सरकवून सर्वांत मोठे अंतर घ्यावे, तोच व्यास. बाहेरच्या कडांपासून मोजले, तर काचेची जाडी दोनदा मिळवली जाते. तीन मिलिमीटर जाडीच्या बांगडीत ही वाढ सहा मिलिमीटरची होते, आणि ती जवळजवळ दोन मापांएवढी आहे.

आता एक सोयीची गोष्ट. दुकानातली मापे दोन-दोन सोळांशांनी वाढतात: दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, दोन-दहा. दोन सोळांश म्हणजे एक अष्टमांश इंच, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. व्यास इतका वाढला, की परिघ त्याच्या π पट वाढणार. ३.१७५ ला ३.१४ ने गुणले तर उत्तर येते ९.९७ मिलिमीटर, अगदी एक सेंटिमीटर म्हणा ना! हा निव्वळ योगायोग आहे, पण मोठा उपयोगी आहे. दोन-दोनच्या बांगडीचा आतला परिघ १७ सेंटिमीटर भरतो. मग दोन-चारचा १८, दोन-सहाचा १९, दोन-आठचा २० आणि दोन-दहाचा २१. एवढे पाच आकडे लक्षात ठेवले, की इंच, सोळांश आणि π या तिन्हींची कटकट मिटली.

मोजायचे काय, तर मनगट नव्हे. बांगडी मनगटात राहते खरी, पण तिला जावे लागते पंजावरून. अंगठा तळहातात आत घेऊन त्याचे टोक करंगळीच्या बुडाकडे न्यावे, हात सैल सोडावा आणि सेंटिमीटरभर रुंदीची कागदी पट्टी पंजाच्या सर्वांत रुंद भागाभोवती, बोटांच्या मागच्या सांध्यांवरून व अंगठ्याच्या उंचवट्यावरून, गुंडाळावी. पट्टी अंगाला लागलेली असावी, पण आवळू नये. जिथे टोक येते तिथे खूण करून पट्टी उलगडावी आणि मोजावी.

समजा, दहावीतल्या एका मुलीच्या पंजाचा परिघ १८.८ सेंटिमीटर आला आणि मनगटाचा १५. दोन-सहाच्या बांगडीचा परिघ १९ आहे. ती साबण न लावताही जाईल. दोन-चारची १८ ची आहे. पंजा ८ मिलिमीटरने मोठा पडतो, म्हणजे हिशेबाने ती जायला नको. पण कासार हीच बांगडी तिच्या हातात भरतो. हे कसे?

हात गोल करणे

कारण हात ही लाकडाची फळी नव्हे. वर्गात एक प्रयोग करता येईल. जाड पुठ्ठ्याचा एक सपाट तुकडा असा कापावा, की त्याच्याभोवतीचा दोरा बांगडीच्या परिघापेक्षा लहान भरेल, पण त्याची रुंदी बांगडीच्या व्यासापेक्षा जास्त असेल. तो बांगडीतून जात नाही. तोच तुकडा मध्ये दुमडून जरा गोलाई दिली, की जातो. परिघ पुरेसा असणे ही एक अट झाली. ती वस्तू बांगडीच्या गोल भोकात बसेल इतकी गोल होणे ही दुसरी. उघडा पंजा हा चपटा लंबगोल असतो. त्याचा परिघ बांगडीपेक्षा कमी असला तरी रुंदी आडवी येते.

पंजा गोल करण्याची सोय हाडांतच आहे. तळहातात पाच लांब हाडे असतात. त्यांतली तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडे जवळपास पक्की बसवलेली असतात. अनामिका आणि करंगळी यांची थोडी पुढे झुकतात, आणि अंगठ्याचे सर्वांत जास्त फिरते. पाणी पिण्यासाठी ओंजळ करतो तेव्हा याच दोन बाजू आत येतात. कासार नेमके हेच करतो. तो एका हाताने करंगळीची आणि अंगठ्याची बाजू एकमेकींकडे दाबतो, दुसऱ्या हाताने बांगडी थोडी थोडी फिरवत पुढे ढकलतो. आतले मांस दाबले जाते आणि मागेपुढे सरते, त्यामुळे सात-आठ मिलिमीटरचा परिघ तेवढ्यापुरता 'नाहीसा' होतो. आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या हातात दोन-चारची बांगडी जाते ती अशी.

बांगडी तो सरळही धरत नाही, तिरकी धरतो. अंगठ्याच्या बुडाचा सांधा मनगटाच्या जवळ आहे आणि करंगळीचा मागचा सांधा बोटांच्या जवळ. दोन्ही उंचवटे एकाच रेषेत नाहीत. बांगडी तिरकी असली, की आधी एका उंचवट्यावरून जाते, मग दुसऱ्यावरून. दोन्ही एकदम अडत नाहीत.

गिऱ्हाइकाला तो सारखा सांगत असतो, 'हात ढिला सोडा.' यातही शास्त्र आहे. भीतीने आपण अंगठा स्वतःच आत आवळून धरतो. तसे केले, की अंगठ्याच्या बुडाचा स्नायू फुगून कडक होतो, आणि नेमक्या त्याच जागी परिघ वाढतो. घरी एकटीने बांगडी काढताना अडते त्याचे एक मोठे कारण हे: जोर लावणारी आणि हात ढिला सोडणारी व्यक्ती एकच असते. वयस्कर बायकांचे मनगट बारीक असले तरी बांगडी मोठी लागते, कारण सांधे आखडल्यामुळे ओंजळ पूर्वीसारखी होत नाही. अशांच्या बाबतीत पट्टीवर येईल त्याच्या पुढचेच माप घ्यावे.

काच किती वाकते?

हात वळतो, दबतो. पण बांगडी काही ताणली जात असेल का? याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. काच दाबाला फार चिवट असते. ती तुटते ताणाने. तीन मिलिमीटर जाडीची, दोन-सहाच्या आसपासची बांगडी घेऊन तिला समोरासमोरच्या दोन बाजूंनी चिमटीत दाबले, तर सुमारे दीड किलो वजनाइतक्या बळाला ती फुटावी असे अभियांत्रिकीतले कड्याचे सूत्र सांगते. आणि फुटण्यापूर्वी तिचा व्यास बदलतो किती? एका मिलिमीटरचा पाचवा हिस्सा! हा ढोबळ अंदाज आहे. ओरखडे पडलेली बांगडी याच्याही आधी जाते. पण मापामापांतले अंतर तीन मिलिमीटरांहून अधिक आहे हे आठवले, म्हणजे बांगडी 'थोडी ताणून' बसेल ही आशा किती फोल आहे ते कळते. जे काही द्यायचे ते हातानेच दिले पाहिजे.

बारीक बांगडी अधिक नाजूक का, हेही यातून समजते. जाडी तीनवरून दोन मिलिमीटरवर आली, तर बांगडी वाकते किंचित जास्त, पण तिला फोडायला लागणारे बळ तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते. कारण बळ जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते.

फुटण्याची सुरुवात कोठून होते, हे इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले. अखंड दिसणाऱ्या काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. ताण आला, की तो सारा चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर पुढे धावते. प्रयोगशाळेत काचनळी कापताना आपण कानशीने एकच ओरखडा काढतो, तो ओला करतो आणि नळी वाकवतो. ती नेमकी तिथेच मोडते. ओला का करायचा? पाण्याचे रेणू चिरेच्या टोकाशी काचेतले बंध सोडवायला मदत करतात म्हणून. धुण्याभांड्याच्या वेळी बांगड्या जास्त का पिचतात, याचे अर्धे उत्तर येथे आहे. आपटणे हे उरलेले अर्धे. पूर्वी कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकायची, मग ती कराडजवळच्या ओगलेवाडीची प्रसिद्ध 'प्रभाकर' का असेना. तिथेही कारण ताणच: थेंबाखालचा भाग एकदम आकसतो आणि भोवतालची गरम काच त्याला आकसू देत नाही.

बांगडीत आणखी एक कच्ची जागा असते, आणि ती जन्मापासूनच असते. आपल्याकडच्या बहुतेक काचेच्या बांगड्या उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतात. तिथे भट्टीतल्या वितळलेल्या काचेचा धागा ओढून तो फिरत्या रुळावर स्प्रिंगसारखा गुंडाळतात. थंड झालेल्या त्या गुंडाळीवर हिऱ्याच्या कणीने किंवा तशाच कठीण धारेने उभी रेघ मारली, की एकेक वेढा सुटा होतो. पण हे वेढे तोंडाशी उघडे असतात आणि स्प्रिंगेसारखे किंचित पिळलेलेही. मग घराघरांतले कारागीर छोट्या ज्योतीवर एकेक वेढा सरळ करतात आणि त्याची टोके जोडतात. हा सांधा तेवढाच तापून लवकर थंड होतो, त्यामुळे तिथे अंगचा ताण कोंडून राहू शकतो. बांगडी हातात घेऊन बोटाने फिरवली, की बारीकसा फुगवटा किंवा खाच लागते; तो सांधा. खाच खोल असेल, टोके वरखाली जुळली असतील, तर ती बांगडी बाजूला ठेवावी. भरताना सांधा अंगठ्याच्या उंचवट्यावर येऊ देऊ नये, कारण जोर तिथेच बसतो. दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवून पाहण्याची कासारांची रीतही उपयोगी आहे. अखंड बांगडी खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते.

वापरताना फूट कमी कशी होईल? सैल बांगडी हात हलताच झोका घेते आणि आदळते. अंगाबरोबर असलेली बांगडी हातासोबतच हलते. म्हणून कासार शक्य तेवढे लहान माप देतो, आणि शेतात, घरात कष्ट करणाऱ्या बायकाही तेच मागतात. आमच्या मते यात थोडी अडचण आहे. कासाराच्या कौशल्यावर भरलेली बांगडी कासाराशिवाय निघत नाही. रोज घालून-काढून ठेवायची असेल त्यांनी पट्टीच्या हिशेबाने, म्हणजे आपल्या उदाहरणात दोन-सहाची, घ्यावी. कायम ठेवायची असेल त्यांनी दोन-चारची भरली तरी चालेल. मात्र काढायची वेळ आली तर काय करायचे, हे ठाऊक असावे.

ओरखड्यांचेही भान ठेवावे. सोने काचेपेक्षा मऊ असल्याने पाटली काचेला ओरखडत नाही, पण आपटते मात्र जोरात. काचेला खरे ओरखडे काढते ती वाळू, कारण तिच्यातली गारगोटी काचेहून कठीण. वाळूमातीने भांडी घासताना आणि कुंडीतली माती कालवताना बांगड्या वर सारून त्यांवर रुमाल बांधला, तर त्यांचे आयुष्य वाढते.

काढताना

सवडीने काढायच्या बांगडीला घाई करू नये. सकाळी हात थोडा सुजलेला असू शकतो, उन्हातून किंवा कामावरून आल्यावर तर असतोच. हात पाच मिनिटे डोक्याच्या वर धरून मग गार पाण्यात बुडवावा. अंगठ्याच्या बुडाला, मागच्या सांध्यांना आणि बांगडीच्या आतल्या कडेला साबणाचा दाट फेस किंवा खोबरेल लावावे. बांगड्या एकेक करूनच काढाव्यात, बाकीच्या कोपराकडे सारून ठेवाव्यात. दुसऱ्या कोणाला तरी पंजा ओंजळीसारखा दाबायला सांगावे आणि आपण हात अगदी ढिला सोडावा. बांगडी तिरकी करून आधी अंगठ्याच्या उंचवट्यावरून घ्यावी, मग करंगळीच्या सांध्यावरून. नुसती ओढू नये. थोडी इकडे, थोडी तिकडे अशी फिरवत आणावी.

फेसानेही काम झाले नाही, तर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातमोज्यासारखी हातावर चढवावी आणि तिचे तोंड बांगडीखालून मनगटाकडे सरकवून बांगडी पिशवीवरून बाहेर काढावी. साबण कातडीच्या सुरकुत्यांत जिरतो. पिशवीमुळे सुरकुती बांगडीपुढे गोळाच होत नाही. हातपिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, पण धुऊन घेतलेली दुधाची पिशवी हे काम उत्तम करते. दहा मिनिटांत बांगडी निघाली नाही तर थांबावे. रेटल्याने हात सुजतो, आणि मग ती निघण्याची शक्यता आणखी कमी होते.

डोहाळजेवणाच्या चुड्याची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरतात, तेव्हा माप त्या दिवशीच्या हाताचे असते. नवव्या महिन्यापर्यंत बऱ्याच जणींच्या हातांवर सूज येते. म्हणून हा चुडा एक माप मोठा भरावा. आणि बांगड्या एकाएकी घट्ट झाल्या, चेहराही सुजला, डोके दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर तो बांगडीचा प्रश्न नाही. तो रक्तदाब वाढल्याचा इशारा असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वाढवण्याची वेळ

आता निकडीचा प्रसंग. खो-खो खेळताना मुलगी हातावर पडली आणि मनगट वाकडे दिसू लागले. किंवा उसाच्या फडात काम करणाऱ्या बाईच्या हाताला साप चावला. नाग, घोणस, फुरसे यांच्या दंशाने हात झपाट्याने सुजतो. मण्यारीच्या दंशाने सूज जवळजवळ येत नाही, पण साप कोणता हे त्या वेळी कळतेच असे नाही. दोन्ही प्रसंगी बांगड्या पहिल्या काही मिनिटांतच निघाल्या पाहिजेत. काच ताणली जात नाही हे आपण पाहिले. हात सुजत गेला, की हीच बांगडी आवळपट्टीचे काम करते. सर्पदंशात आवळपट्टी बांधू नये असे डॉक्टर बजावतात, आणि येथे ती आधीपासूनच बांधलेली असते.

अशा वेळी वर सांगितलेली काढण्याची रीत वापरता येत नाही. मोडलेले मनगट दाबायचे नाही. सर्पदंशाचा हात चोळायचा नाही, वर उचलायचा नाही, तो स्थिर ठेवायचा. बांगडी सैल असून अलगद निघत असेल तर ठीक. नाहीतर ती फोडावी लागते. येथे पुष्कळदा मने कचरतात. सवाष्णीच्या हातातली बांगडी 'फोडायची' कशी? पण आपल्या भाषेने याची सोय केलेली आहे. बांगडी फुटत नाही, ती 'वाढवतात'. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने हा शब्द उच्चारला, तर पुष्कळ वेळ वाचतो.

नवऱ्याच्या मृत्यूनंतर दगडावर हात आपटून बांगड्या फोडण्याच्या रीतीत तळव्याकडच्या बाजूला जखमा होत. तिथे धमनी कातडीच्या अगदी खाली असते. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली, आणि त्यानंतर राज्य शासनानेही इतर गावांना तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. आपटून फोडणे कोणत्याच प्रसंगी योग्य नाही.

योग्य रीत अशी. एकाने गाडीची सोय करावी किंवा १०८ ला दूरध्वनी करावा, दुसऱ्याने बांगड्या पाहाव्यात. लागणाऱ्या वस्तू शाळेच्या प्रथमोपचार पेटीत सहज ठेवता येतात: रुंद चिकटपट्टी, साधी पक्कड, जाड सुती रुमाल आणि जुन्या एक्स-रे फिल्मची दोन बोटे रुंदीची पट्टी. आधी बांगडीभोवती जितकी जाईल तितकी चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे काचेच्या कपच्या तिलाच चिकटून राहतात. मग फिल्मची पट्टी बांगडी आणि कातडी यांच्यामध्ये सरकवावी. वर रुमाल टाकावा, रुग्णाला तोंड वळवायला सांगावे, आणि पक्कडीच्या दातेरी जबड्यात काच धरून सावकाश आवळावे. ठोकू नये. 'कट' असा आवाज होतो आणि काच चुरते.

एका ठिकाणी फोडून भागत नाही, याचा पुष्कळांना अंदाज नसतो. सोन्याचे वळे एके ठिकाणी कापले तर फाकवून काढता येते. काच फाकत नाही; फाकवू गेले, तर ती कोठेतरी आपल्या मर्जीने मोडते आणि टोक हातात घुसते. म्हणून बांगडी दोन ठिकाणी फोडायची: एकदा अंगठ्याच्या कडेला आणि एकदा करंगळीच्या कडेला, दोन्ही वेळा किंचित हाताच्या पाठीकडे. मग वरचा अर्धगोल उचलून घ्यायचा आणि खालचा अलगद खाली सोडायचा. तळव्याकडच्या बाजूला पक्कड लावायची नाही. एका बांगडीचे काम पुरे झाल्यावरच दुसरी धरायची.

राहिलेला चुरा हाताने झटकू नये. चिकटपट्टीचा ताजा तुकडा दाबून तो उचलावा. मग बोटे पाहावीत. दुसऱ्या हाताच्या मानाने ती निळसर, फिकी किंवा गार आहेत का, बधिर वाटतात का? नख दाबून सोडावे. पांढरे पडलेले नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवे. होत नसेल, किंवा एखादी बांगडी मांसात रुतल्याने तिच्याखाली फिल्मची पट्टीही जात नसेल, तर तिला हात लावू नये. ती कधीपासून रुतली आहे हे लिहून घ्यावे आणि रुग्णालयात पोचताच पहिल्यांदा तेच सांगावे.